गोल्ड ईटीएफचा भाव सोन्याला धरून कसा राहतो?

*गोल्ड ईटीएफचे युनिट तर शेअरसारखे बाजारात विकले जाते. मग मागणी वाढली की त्याचा भाव सोन्याच्या पुढे का पळत नाही? ऑथराइज्ड पार्टिसिपंट म्हणजे कोण आणि ते नेमके काय करतात?*

युनिट म्हणजे फंडाने साठवलेल्या सोन्यातला वाटा, पण त्याचा बाजारातला भाव फंड ठरवत नाही. तो सोन्यापासून सरकला की त्या फरकातून कोणाला तरी कमाई करता येते, आणि त्या कमाईच्या व्यवहारामुळेच फरक मिटतो. ही सोय मुख्यतः ऑथराइज्ड पार्टिसिपंटकडे असते. हे फंडाशी करार केलेले मोठे दलाल किंवा बँका असतात आणि फंडाशी थेट सोन्याची व युनिटची अदलाबदल त्यांना करता येते. आपल्यासारख्याला युनिट विकायचे तर बाजारात दुसरा ग्राहक शोधावा लागतो.

सर्वांत मोठ्या फंडाचे, म्हणजे २००४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या एसपीडीआर गोल्ड शेअर्सचे उदाहरण घेऊ. तिथे अदलाबदल १,००,००० युनिटच्या बास्केटमध्येच होते. आरंभी एक युनिट म्हणजे एक दशांश औंस सोने होते. वर्षाला ०.४० टक्के खर्च भागवण्यासाठी फंड थोडे थोडे सोने विकत आला, म्हणून आज एका युनिटमागे ०.०९ औंसाहून किंचितच जास्त सोने उरले आहे. हिशोबासाठी ते ०.०९२ धरू. म्हणजे एका बास्केटमागे ९,२०० औंस, साधारण ४०० औंसांच्या तेवीस विटा.

समजा, सोने औंसाला ३,००० डॉलर आहे. मग युनिटची खरी किंमत २७६ डॉलर झाली. खरेदीचा जोर वाढून बाजारात ते २७६.२० ला गेले. पार्टिसिपंट त्याच क्षणी लंडनच्या बाजारात ९,२०० औंस विकत घेतो आणि एक लाख युनिट विकून टाकतो. ती युनिट अजून त्याच्या हातात नसतात. दोन्ही बाजू एकदमच बांधल्यामुळे पुढे सोने चढो वा उतरो, त्याला फरक पडत नाही. मग तो फंडाकडे बास्केटची मागणी नोंदवतो आणि फंडाचे सोने सांभाळणाऱ्या कस्टोडियन बँकेतील खात्यात सोने जमा करतो. हे खाते ‘अनअलोकेटेड’ असते, म्हणजे त्यात विशिष्ट वीट नसून बँकेवरचा हक्क असतो. तिथून कस्टोडियन क्रमांक लिहिलेल्या विटा फंडाच्या नावे वेगळ्या काढतो आणि नवी युनिट पार्टिसिपंटला मिळतात. तीच त्याने विकलेल्या युनिटपोटी द्यायची.

ढोबळ फायदा वीस सेंट गुणिले एक लाख, म्हणजे २०,००० डॉलर. त्यातून फंडाचे शुल्क २,००० डॉलर आणि सोने घेताना औंसामागे पन्नास सेंट फरक सोसावा लागला असे धरले, तर आणखी ४,६०० डॉलर वजा. या दोन खर्चांचेच युनिटमागे साडेसहा सेंटच्या आसपास होतात. म्हणून प्रीमियम, म्हणजे खऱ्या किमतीवरचा जादा भाव, पाच सेंट असेल तर कोणी हात लावणार नाही. भाव सोन्याला चिकटत नाही, तो खर्चाएवढ्या अरुंद पट्ट्यात फिरतो. हेच बहुतेक स्पष्टीकरणांत राहून जाते.

युनिट स्वस्त झाले की उलटी वाट. पार्टिसिपंट बाजारातून एक लाख युनिट गोळा करतो, त्याच वेळी तेवढे सोने विकतो, युनिट फंडाला परत करतो आणि फंड ती रद्द करून सोने देतो. गंमत अशी की बहुतेक वेळा वीट तिजोरीच्या बाहेर पडतच नाही, फक्त तिच्यावरचे नाव बदलते.

आता मला सतत दिसणारी चूक. लोक बाजारबंदचा भाव घोषित एनएव्हीशी, म्हणजे फंडाने काढलेल्या युनिटच्या खऱ्या किमतीशी, ताडून पाहतात आणि अर्धा टक्का प्रीमियम आहे म्हणून घाबरतात. या फंडाची एनएव्ही लंडनच्या दुपारच्या, तीन वाजताच्या लिलावावरून काढतात, तर न्यूयॉर्कचा बाजार लंडनच्या घड्याळाने बहुधा रात्री नऊला बंद होतो. मधल्या सहा तासांत सोने हलले असते. युनिटचा भाव त्याच मिनिटाच्या सोन्याच्या भावाशी ताडला तर असा ‘प्रीमियम’ बहुतेक वेळा नाहीसा होतो.

खरा प्रीमियमही येतो, पण तो पार्टिसिपंटचा खर्च किंवा धोका वाढल्यावर. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली, स्वित्झर्लंडमधील काही शुद्धीकरण कारखाने बंद पडले आणि न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेला सोने देण्याघेण्याचा करार, व लंडनचे सोने यांच्या भावांतला फरक काही डॉलरवरून अनेक पटींनी वाढला. ज्यांची एक बाजू वायद्यात बांधलेली होती त्यांना ती बांधणीच तोट्यात नेऊ लागली. अशा वेळी पार्टिसिपंट खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर वाढवतो किंवा गप्प बसतो. नवे युनिट काढायचे बंधन त्याच्यावर नसतेच. म्हणून युनिट घेताना मी आधी पडद्यावर खरेदीचा आणि विक्रीचा भाव किती दूर आहेत ते पाहतो. ते एकाएकी लांब गेलेले दिसले, तर सोन्याची बाजू महाग किंवा धोक्याची झाली असण्याची शक्यता मी धरतो आणि बाजारभावाऐवजी किंमत ठरवून ऑर्डर टाकतो.