फ्लास्कमध्ये अडकलेला काचेचा स्टॉपर आणि ग्रीसचं प्रमाण

प्रश्न: सुटीआधी २५० मिलीच्या आरबी फ्लास्कमध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण राहून गेलं. आता बी-२४ चा काचेचा स्टॉपर हलतही नाही. फ्लास्क न फोडता तो कसा काढायचा? आणि असं होऊ नये म्हणून ग्रीस नक्की किती लावायचं?

उत्तर:

आत काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे निम्मं काम सोपं झालं. आत जुना ईथर किंवा टीएचएफ असता, किंवा लेबलच नसतं, तर मी म्हटलं असतं की हात लावू नका, विभागातल्या जबाबदार माणसाला बोलवा. त्या द्रावकांमध्ये पेरॉक्साइड साचतात आणि स्टॉपर फिरवताना होणारं घर्षणही स्फोटाला पुरेसं ठरू शकतं. कॉस्टिकमध्ये ती भीती नाही, पण डोळ्यांची मोठी भीती आहे. म्हणून गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि फ्लास्क ट्रेमध्ये ठेवा.

आता स्टॉपर का अडकला ते पाहू, कारण उपाय त्यावरच ठरतो. जॉइंटच्या घासलेल्या काचेत द्रावण केशाकर्षणाने शिरतं. तिथलं पाणी उडून जातं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून सोडियम कार्बोनेटचे खडे होतात. शिवाय अल्कली काचेतली सिलिका हळूहळू खाऊन सोडियम सिलिकेट बनवते, आणि ते वाळलं की दोन्ही काचा चिकटतात. कार्बोनेट आणि सिलिकेट दोन्ही पाण्यात विरघळतात, फक्त सिलिकेटला वेळ लागतो. म्हणून इथे पहिलं औषध पाणी. अनेक जण व्हिनेगर सुचवतील. कार्बोनेटवर ते चालतं, पण सिलिकेटवर आम्ल पडलं की सिलिकाची जेल तयार होते आणि फटीतच बसते. मी त्याच्या वाटेला जात नाही.

फ्लास्क उभाच ठेवा. मानेच्या तोंडाभोवती चिकटपट्टीचा एक फेरा असा गुंडाळा की पट्टीची वरची कड तोंडाच्या वर बोटभर उभी राहील, म्हणजे स्टॉपरभोवती छोटं तळं तयार होईल. त्यात कोमट पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी जॉइंट उजेडासमोर धरून नीट बघा. कोरडी घासलेली काच पांढरट दिसते, आणि पाणी पोचलेला भाग पारदर्शक होतो. ही पारदर्शक कड वरून खाली सरकत असेल तर पाणी आत जातंय. अर्ध्यावर थांबली असेल तर पाणी बदलून आणखी एक रात्र द्या. इथे घाई करणारेच फ्लास्क फोडतात.

पाणी बऱ्यापैकी आत गेलं की तळं काढा, मान पुसा आणि मग उष्णता द्या. पण फक्त बाहेरच्या काचेला, म्हणजे सॉकेटला. केटलीतल्या गरम पाण्याची बारीक धार मानेवर सोडत फ्लास्क गोल फिरवत राहा, किंवा हॉट एअर गन फिरवत धरा, साधारण २० ते ३० सेकंद. जास्त वेळ गरम केलं तर उष्णता आतल्या स्टॉपरपर्यंत पोचते, तोही प्रसरण पावतो आणि फायदा संपतो.

हा फायदा किती असतो ते एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. बोरोसिलिकेट काचेचा प्रसरणांक ३.३ × १०⁻⁶ प्रति अंश. व्यास २४ मिमी आणि आतल्या-बाहेरच्या काचेत ६० अंशांचा फरक धरला, तर फट होते जेमतेम ०.००५ मिमी. म्हणजे नुसत्या गरम करण्याने स्टॉपर आपोआप वर येणार नाही, त्याच क्षणी ठोकायला हवं. गरम करून गन खाली ठेवली, मग रुमाल शोधला, तोवर ती फट बंद झालेली असते.

ठोकायचं लाकडाने. स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ किंवा लाकडी पट्टी चालते. फ्लास्कची मान जाड कापडात गुंडाळून हातात धरा, गोलाकार भाग धरू नका. स्टॉपरच्या डोक्याला आडवे, हलके ठोके द्या, एकदा या बाजूने, एकदा समोरच्या बाजूने. सुटला की ठोक्याचा घट्ट आवाज बदलून खुळखुळीत होतो आणि डोकं किंचित डुलतं. मग फिरवत वर ओढा, तोंड स्वतःपासून दूर ठेवून. आत दाब असू शकतो. पक्कड लावून पीळ देऊ नका, कारण चपट्या डोक्याचा स्टॉपर मुळाशीच तुटतो आणि त्याची धार थेट तळहातात जाते. ज्योतीवर मान गरम करण्याची जुनी पद्धत भरलेल्या फ्लास्कला लावू नका, आणि ज्वलनशील द्रावक आसपास असेल तर अजिबातच नको. आणि हे सगळं व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर करायचं असेल तर उष्णता टाळा, त्याचं माप बिघडू शकतं.

भिजवणं, गरम करणं, ठोकणं हा फेरा दोन-तीनदा करूनही सुटला नाही तर फ्लास्क सोडून द्या. तो पुन्हा विकत मिळतो.

आता ग्रीस. बी-२४ च्या जॉइंटला तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं. आधी दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि कचरामुक्त करा, एक कण राहिला तरी जॉइंट गळतो. ग्रीस स्टॉपरवर लावायचं, सॉकेटमध्ये नाही, आणि तेही वरच्या रुंद एक-तृतीयांश भागातच, दोन-तीन पातळ उभ्या रेघा काढून. मग आत बसवून किंचित दाब देत थोडं मागे-पुढे फिरवा. जॉइंटवर सलग पारदर्शक पट्टा दिसला की झालं. मध्ये पांढऱ्या शिरा राहिल्या तर कमी पडलंय. खालच्या तोंडाशी चिकट कड दिसली तर जास्त झालंय, ते पुसून पुन्हा लावा. जास्तीचं ग्रीस द्रावकात जातं. क्लोरोफॉर्म किंवा हेक्सेन असेल तर नक्कीच, आणि मग एनएमआरमध्ये ०.०७ पीपीएमच्या आसपास नको तो सिग्नल बसतो.

काम झाल्यावर द्रावण ओतण्याआधीच सॉकेटचं तोंड हेक्सेन लावलेल्या टिश्यूने पुसा. ग्रीस लागलेली काच तशीच भट्टीत घातली तर मागे सिलिका उरते, ती निघत नाही.

साध्या रिफ्लक्सला मी ग्रीस लावतच नाही. व्हॅक्यूम किंवा तापलेली अल्कली असेल तेव्हाच लावतो, आणि द्रावकाने ग्रीस धुतलं जाणार असेल तर टेफ्लॉनची स्लीव्ह घालतो. मात्र कॉस्टिक साठवायला काचेचा स्टॉपर ग्रीससकटही वापरू नका. ते प्लास्टिकच्या बाटलीत ओता आणि स्क्रू-कॅप लावा. रिकामे फ्लास्क कपाटात ठेवताना स्टॉपर आणि मान यांच्यामध्ये कागदाची चिंधी घाला. आणि गरम फ्लास्कला कधीही बूच लावू नका. गार होताना आतला दाब घटतो, बाहेरची हवा स्टॉपरला आत दाबते, आणि मग कॉस्टिकशिवायही तो असाच अडकून बसतो.