फूट-इंचातली उंची सेंटिमीटरमध्ये

प्रश्न: शिबिराच्या नोंदवहीत उंची ५.४, ५.१० अशी लिहिली आहे. सेंटिमीटरमध्ये कशी आणायची?

फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत भरा, फुटांना १२ ने गुणून त्यात इंच मिळवा आणि बेरजेला २.५४ ने गुणा. १ इंच म्हणजे नेमके २.५४ सेंमी. ५ फूट ४ इंच म्हणजे ६४ इंच, म्हणजेच १६२.६ सेंमी. स्प्रेडशीटमध्ये फूट B रकान्यात आणि इंच C रकान्यात असतील तर:

```
=ROUND((B2*12+C2)*2.54,1)
```

५.४ ला थेट ३०.४८ ने गुणू नका. तो टिंब दशांशचिन्ह नाही. तसे केल्यास १६४.६ येते. खरा घोळ ५.१० चा. संगणक शेवटचे शून्य गाळून ५.१ ठेवतो, ते ५ फूट १ इंच असे वाचले जाते आणि १७७.८ सेंमीचा माणूस १५४.९ चा होतो. वजन ७० किलो असेल तर त्याचा बीएमआय २२.१ ऐवजी २९.२ दिसतो, म्हणजे धडधाकट माणूस जादा वजनाच्या यादीत जातो. एकदा ५.१ झालेली नोंद सूत्राने सुधारत नाही, ती कागदी वहीशीच ताडून पाहावी लागते. आणि मोजणी पूर्ण इंचांत झाली असेल, तर उत्तरात सव्वा सेंटिमीटरपर्यंत फरक राहणारच.