लग्न पार पाडणाऱ्या कंपनीचं नाव ठेवताना

चि. ...,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली नावं वाचली: रॉयल शुभमंगल, नो टेन्शन शादी, निवांत, विसावा, सुनियोजन, घडी आणि यथासांग. तुझी कामं नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतली. तिथे पहिला फोन बहुधा मुलीची आई करते, नाहीतर एखादा काका. त्यांच्या मनात काय चाललेलं असतं ते आधी डोळ्यांसमोर आण. पंगतीला जेवण कमी पडेल का, वरपक्षातल्या कुणाचा मान राहून जाईल का, मुहूर्त टळेल का, दागिन्यांच्या पिशवीजवळ कोण बसणार आणि शेवटचं बिल किती होणार. नाव कानावर पडल्यावर यातली एखादी तरी काळजी हलकी झाली पाहिजे. निदान नवीन काळजी तरी लागता कामा नये.

म्हणून 'रॉयल' आधी काढून टाक. शाही, ग्रँड, ड्रीम हे शब्द नवरा-नवरीला आवडतात, पण पैसे मोजणाऱ्या बापाला त्यात फक्त खर्च ऐकू येतो. 'नो टेन्शन'चं दुखणं वेगळं आहे. जे टाळायचं त्याचंच नाव घेतलं की ते आठवतं. 'निर्विघ्न' हे नावही त्याच कारणासाठी मला नको वाटतं. प्रार्थनेत तो शब्द शोभतो, पाटीवर मात्र आधी विघ्न दिसतं.

आता निवांत आणि विसावा. तुला शांतपणा दाखवायचा आहे, त्यामुळे हे शब्द सुचणं साहजिक आहे. पण मराठीत विश्रांतीचे बरेच शब्द म्हातारपणाकडे आणि मरणाकडे झुकलेले आहेत. अंत्ययात्रेत तिरडी वाटेत टेकवतात त्या जागेला विसावा म्हणतात, आणि कितीतरी वृद्धाश्रमांनाही हेच नाव असतं. शांती म्हटलं की आत्म्याला लाभणारी शांती आठवते. नुसतं 'कार्य' ठेवशील तर ते लग्नाचंही असतं आणि तेराव्याचंही. आजी-आजोबांच्या पिढीला हे लगेच खटकतं. ते तुला काही बोलणार नाहीत, पण घरात 'दुसरं कुणीतरी बघा' म्हणतील. 'निवांत'मध्ये तेवढा अपशकुन नाही, पण 'निवांत येतील हो' हे आपण उशिरा येणाऱ्या माणसाबद्दल म्हणतो. मांडववाला आठला यायला हवा असताना तो अर्थ परवडणारा नाही.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: सुनियोजन, व्यवस्थापन, समन्वय. यात शिस्त आहे, पण ती सरकारी कचेरीतली. ऐकताना अर्ज, खिडकी आणि उद्या या असं वाटतं. घरच्या लग्नाला माया लागते, ती या शब्दांत नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा घरकामाच्या शब्दांत सापडते, कारण घरातली शांतता वस्तू जागच्या जागी असण्यातून येते. 'घडी' मला त्यामुळे आवडलं. संसाराची घडी बसते, शालूची घडी मोडते, लग्नघटिकेचाही भास होतो. पण त्या नावाची धुण्याची पावडर घरोघरी ठाऊक आहे, आणि तुझ्याआधी तीच आठवेल. 'नीट' सुचलं तर तेही नको. इंग्रजी अक्षरांत लिहून शोधलं की डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा समोर येते. 'याद' हा शब्द आपल्या बैठकीतलाच, दोन्ही घरांनी काय ठरवलं त्याचा कागद. पण देण्याघेण्याच्या मागण्याही त्याच कागदावर लिहिल्या गेल्या आहेत, त्यामुळे मुलीकडच्यांना तो गोड वाटेलच असं नाही.

माझं मत 'यथासांग'कडे झुकतं. कुठलंही अंग न राहता, सगळं रीतसर झालं, असा त्याचा भाव आहे. 'लग्न यथासांग पार पडलं' हे वाक्य सगळं आटोपल्यावर सुटकेच्या सुरात म्हटलं जातं. काहीतरी राहून जाईल ही आईची मोठी भीती असते आणि हे नाव थेट तिलाच उत्तर देतं. मर्यादा मात्र आहे. शब्दाला पूजाविधीचा वास आहे. नोंदणी विवाह, बौद्ध किंवा सत्यशोधक पद्धतीची लग्नं तुझ्याकडे बरीच येणार असतील, तर त्या घरांना हे आपल्यासाठी नाही असं वाटू शकतं. तशी कामं निम्म्याच्या आसपास असतील तर 'मांडणी'चा विचार कर. स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी असते, त्यामुळे शब्द घरचा आहे आणि कुठल्याच विधीला बांधलेला नाही.

ठरवण्याआधी फोनवर पारख कर. पंचावन्नच्या पुढच्या पाच जणांना गर्दीच्या रस्त्यावरून फोन लाव, 'नमस्कार, यथासांगमधून बोलतेय' एवढंच म्हण आणि नाव कागदावर लिहायला सांग. दोघांनी 'काय म्हणालात?' विचारलं तर नाव कानाला जड आहे. मग ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघ: 'आम्ही सगळं यथासांगकडे दिलंय.' 'यथासांगवाले आले का?' 'यथासांगवाल्यांनी घोळ घातला.' तिसरं मुद्दाम म्हणायचं, कारण काही नावं एका चुकीनंतर चेष्टेचा विषय होतात. 'वेळेवर' असं नाव ठेवलं आणि फुलवाला अर्धा तास उशिरा आला, तर दिवसभर तोच विनोद चालेल. इंग्रजी अक्षरांत yathasang आणि yathasaang अशी दोन्ही रूपं लोक लिहितील, तेव्हा वेबसाइटसाठी दोन्ही पत्ते घे.

नाव आवडलं तरी ते मोकळं आहे का ते आधी बघ. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नकोस, उच्चारावरून शोधायची सोय आहे तीही वापर. ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे क्रमांक दिलेले वर्ग असतात, त्यात विवाहसमारंभाचं नियोजन वर्ग 45 मध्ये येतं. संगीताचे कार्यक्रम करणार असशील तर 41 आणि जेवणाचं कंत्राट स्वतः घेणार असशील तर 43 सुद्धा तपास. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचे प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये पडतात, म्हणून आधी एकट्या 45 मध्ये अर्ज कर. 'सुनियोजन' इथेही अडलं असतं: कामाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावावर 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली हरकत येते.

पाटीवर देवनागरी नाव आधी आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. दुकाने आणि आस्थापना कायद्याच्या, म्हणजे शॉप ॲक्टच्या, 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानालाही महाराष्ट्रात हे लागू आहे.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मुलीचे वडील आगाऊ रक्कम पाठवायला कोड स्कॅन करतात आणि पडद्यावर भलतंच नाव दिसतं, कारण खातं तुझ्या वैयक्तिक नावावर असतं. तिथे ते थांबतात, मुलाला हाक मारतात, तुला फोन करतात. नावाने मिळवलेला विश्वास त्या एका क्षणात डळमळतो. म्हणून लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आणि शॉप ॲक्टचा कागद नेमक्या त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने कर. बँक चालू खात्यासाठी व्यवसायाचे सहसा दोन पुरावे मागते, तिथे हेच चालतात. खातं उघडलं की स्वतः एक रुपया पाठवून पडद्यावर काय उमटतं ते बघ. पावतीवर, गळ्यातल्या ओळखपत्रावर आणि लग्नाच्या दिवशी वाटायच्या वेळापत्रकावर तेच नाव, त्याच अक्षरांत हवं.

शोधात वर्ग 45 मध्ये काय निघालं ते कळव. पाटी रंगवायला त्यानंतरच टाक.