उतारा सात मिनिटांचा, सारांश तीन ओळींचा

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

रोज तीन-तीन उतारे सोडवूनही बरोबर उत्तरांचा आकडा हलत नाही, असं तू लिहिलंस. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची, म्हणजे क्लॅटची, तयारी करणाऱ्या बऱ्याच मुलांचं हेच होतं, आणि कारण बहुधा एकच असतं: उतारा सोडवला, उत्तरं तपासली, चुकली ती लाल पेनाने खोडली, लगेच पुढचा उतारा. चूक कुठे झाली हे कळतं, पण कशामुळे झाली ते कळतच नाही. ते कळावं म्हणून सारांश लिहायचा. सारांश हा लेखनाचा सराव नाही, डोक्यात नेमकं काय उतरलं होतं त्याचा तो पंचनामा आहे.

आधी वेळेचं गणित. क्लॅटच्या पदवी प्रवेशपरीक्षेत 120 प्रश्न आणि 120 मिनिटं असतात. इंग्रजीचा उतारा साधारण 450 शब्दांचा, आणि त्याखाली बहुतेक वेळा पाच-सहा प्रश्न. म्हणजे सरळ हिशेबाने वाचनासकट पाच-सहा मिनिटं. चालू घडामोडींचे बरेचसे प्रश्न उतारा बारकाईने न वाचताही सुटतात, तिथे उरलेला वेळ इकडे घेता येतो. म्हणून घरी सात मिनिटांचा गजर लाव, त्याहून जास्त नको. परीक्षा कागदावर होते, तेव्हा सरावही छापील कागदावर, हातात पेन्सिल घेऊन कर. मोबाइलवर सरकवत वाचण्याची सवय लागली की मागचं वाक्य कागदावर कुठे होतं ही आठवण तयारच होत नाही, आणि प्रश्नासाठी परत जाताना शोधाशोध होते.

समासात दोन वेळा टिपायच्या: वाचन संपलं ती, आणि शेवटचं उत्तर दिलं ती. नुसत्या एकूण वेळेवरून काही समजत नाही. समज, वाचन दोन मिनिटांत झालं आणि उत्तरांना पाच मिनिटं लागली, तर वाचन वेगवान नव्हतं, पोकळ होतं. प्रत्येक प्रश्नाला तू उतारा नव्याने वाचलास. उलट साडेतीन मिनिटं वाचन आणि तीन मिनिटं उत्तरं असतील तर छान चाललंय, वाचनाचा वेग वाढवायच्या नादी लागू नकोस. प्रश्न आधी वाचावेत की उतारा, यावर मुलं फार वाद घालतात. माझं मत, उतारा आधी. प्रश्न आधी वाचले की डोळे शब्द शोधत फिरतात आणि युक्तिवाद निसटतो.

उत्तरं झाली की कागद उलटा ठेव. मग उतारा न पाहता, तीन मिनिटांत, तीन वाक्यं लिही. पहिल्यात, लेखक कोणत्या समजुतीबद्दल किंवा प्रश्नाबद्दल बोलतोय. दुसऱ्यात, त्याचं स्वतःचं म्हणणं. तिसऱ्यात, त्या म्हणण्याचा मुख्य आधार. उत्तरतालिका अजून पाहायची नाही. ती आधी पाहिलीस तर सारांश तालिकेकडे बघून सुधारला जातो, आणि मग त्याचा काही उपयोग उरत नाही.

सुरुवातीचे दोन आठवडे सारांश मराठीत लिही. परीक्षा इंग्रजीत असल्यामुळे हे उलटं वाटेल. पण इंग्रजीत लिहिताना उताऱ्यातलेच शब्द उचलून जोडता येतात, अर्थ कळला नसला तरी. मराठीत तशी पळवाट नाही. एखादं वाक्य मराठीत सांगताच आलं नाही, तर ते समजलेलंच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यापासून इंग्रजीत लिही, पण उताऱ्यातले सलग चार शब्द जसेच्या तसे यायला नकोत.

आता एक उदाहरण. समज, उतारा न्यायालयांतल्या दिरंगाईवर आहे. पहिल्या परिच्छेदात म्हटलंय की खटले रखडतात कारण न्यायाधीश कमी आहेत, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दुसऱ्यात लेखक कबूल करतो की रिक्त जागा भरायलाच हव्यात. तिसरा परिच्छेद ‘तरीही’ने सुरू होतो: दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असा नियम असूनही तारखा पडतच राहतात. चौथ्यात तो म्हणतो, तहकुबी नाकारणाऱ्या न्यायाधीशाच्या वाट्याला फक्त रोष येतो, म्हणून नियम कागदावर राहतो.

यावर सहसा असा सारांश येतो: “न्यायाधीश कमी असल्यामुळे खटले रखडतात. जागा भरल्या पाहिजेत. नियम पाळले जात नाहीत.” यातलं एकही वाक्य उताऱ्याबाहेरचं नाही, तरी सारांश चुकलाय. पहिल्या वाक्यात लोकांचं मत लेखकाच्या तोंडी गेलं. ‘तरीही’चं वळण गायब आहे, त्यामुळे कबुली हाच निष्कर्ष वाटतो. नियम का पाळले जात नाहीत, हा खरा आधार तर आलेलाच नाही. हवा तो सारांश असा: “दिरंगाईचं खापर न्यायाधीशांच्या अपुऱ्या संख्येवर फोडलं जातं. जागा भरणं गरजेचं असलं तरी तेवढ्याने भागणार नाही, असं लेखकाला वाटतं. कारण तहकुबीवर मर्यादा असूनही ती पाळण्यात न्यायाधीशाला काही लाभ नाही.”

आता मध्यवर्ती कल्पनेच्या प्रश्नाचे पर्याय पाहा. एक म्हणतो, जागा भरणं हाच उपाय आहे. दुसरा म्हणतो, जागा भरून काहीच साधणार नाही. तिसरा, तहकुबीचा नियम रद्द करावा. चौथा, संख्या वाढवण्याबरोबर नियम पाळला जाईल अशी व्यवस्थाही हवी. पहिला सारांश लिहिणारा पहिल्या पर्यायात अडकतो. ज्याला वळण दिसलं पण कबुली विसरली, तो दुसरा निवडतो. चुकीचे पर्याय असे अर्धवट वाचनाच्या मापाने शिवलेले असतात.

म्हणून तपासताना प्रत्येक चुकीसमोर तीनपैकी एक शब्द लिही: ‘मत’, म्हणजे कुणाचं म्हणणं कुणाच्या नावावर गेलं, ‘वळण’, म्हणजे पण, तरीही, मात्र यांच्यानंतरचा भाग सुटला, ‘माप’, म्हणजे ‘काही’चं ‘सगळे’ झालं किंवा ‘कदाचित’चं ‘नक्की’. शब्दार्थ अडल्याची चूक वेगळी, ती वहीत टिपून पुढे जा. तपासणीला दहा-बारा मिनिटं दे, सोडवण्यापेक्षा जास्त. दिवसाला दोनच उतारे असे कर.

उतारे कुठून घ्यायचे? आधी 2020 पासूनच्या प्रश्नपत्रिका, कारण परीक्षा उताऱ्यांवर आधारित झाली ती तेव्हापासून. त्या संपल्या की इंग्रजी दैनिकांच्या संपादकीय पानावरचे लेख 450 शब्दांपर्यंत कापून घे. त्यांना प्रश्न नसतात, तिथे नुसता सारांश लिहून लेखकाच्या शेवटच्या परिच्छेदाशी ताडून बघ.

चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, या धास्तीने प्रश्न सोडू नकोस. दोन पर्याय बाद करता आले असतील तर उरलेल्या दोघांतून एक निवडणं हिशेबाने फायद्याचंच आहे.

रविवारी नवा उतारा नको. आठवड्यातले शब्द मोज. ‘वळण’ जास्त असेल तर पुढच्या आठवड्यात वाचतानाच प्रत्येक ‘पण’ला पेन्सिलीने गोल कर. ‘मत’ जास्त असेल तर समासात ‘ले’ किंवा ‘लो’ लिही, लेखक की लोक. ‘माप’ जास्त असेल तर खुणा उताऱ्यात नाही, पर्यायांत कर: ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘सर्व’ यांखाली रेघ. पहिल्या रविवारचा हिशेब मला पाठव, सारांशाच्या कागदांसकट, न सुधारलेल्या.