सर्व्हायव्हल गेम बनवतोय. भूक, तहान, थंडी यांचे मीटर किती वेगाने खाली आणले की खेळणाऱ्याला टेन्शन येईल, पण वैताग येणार नाही?

वेगाचा आकडा हवा असेल तर 'डोन्ट स्टार्व्ह' या गेमचा घ्या. त्यातलं मुख्य पात्र विल्सन, त्याचं पोट १५० चं, दिवसाला ७५ उतरतं आणि तिथला दिवस आठ मिनिटांचा. म्हणजे भरल्या पोटी सोळा मिनिटं निघतात. शून्यावर आलात की पुढच्या दोनेक मिनिटांत मरता. पण नुसत्या वेगाने टेन्शन येत नाही, आणि याच मुद्द्यावरून माझं एका माणसाशी वाजलेलं आहे.

आम्ही दोघं मिळून एक छोटा गेम करत होतो. बर्फाळ डोंगर, एक झोपडी, तीन मीटर. तो घोडबंदर रोडला राहायचा, मी ऐरोलीत. मे महिन्याच्या घामात बसून हिमवादळाचं ट्यूनिंग करणं हा वेगळाच विनोद. त्याचा हट्ट एकच: "प्लेअर निवांत वाटतोय? भुकेचा स्पीड डबल कर." केला डबल. मग माझ्या भाच्याला खेळायला बसवलं. पोरगा झोपडीबाहेरच्या झुडपापाशी उभा राहिला आणि बोरं तोडून खात सुटला. बार पिवळा झाला की खा, परत तोड. डोंगराकडे ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी म्हणाला, "मावशी, यात फक्त जेवायचंच असतं का?"

पार्टनरचं निदान: स्पीड अजून वाढव.

मी वेग मुळात होता तेवढाच केला आणि लाकडं हलवली. आधी सरपण झोपडीच्या मागेच मिळायचं, ते उताराच्या पलीकडे नेलं. जाऊन येईपर्यंत अंगातली निम्मी ऊब जाईल इतकं लांब, आणि वारा सुटला तर निम्म्याहून जास्त. पाणी तर बर्फ वितळवूनच मिळत होतं. त्याला चूल हवी, चुलीला लाकूड, लाकडासाठी थंडीत बाहेर पडणं आलं. आता तोच भाचा दारात थांबला. तहानेचा बार बघितला, बाहेरचा वारा बघितला आणि स्वतःशीच बोलायला लागला: "आत्ता गेलो तर येताना गारठणार. सकाळी जाऊ? पण सकाळपर्यंत पाणी पुरणार नाही..." मीटर तेच, वेग तोच. फरक इतकाच की एक मीटर भरायला दुसरा खर्च करावा लागत होता.

'द लाँग डार्क' याच गाठीवर उभा आहे. तिथे उपासमार दिवसांच्या हिशेबाने मारते, थंडी तासांच्या. त्यामुळे भूक तुम्हाला हळूहळू घराबाहेर ढकलते आणि थंडी झटक्यात परत पिटाळते. दोन्ही एकाच वेगाने पडले असते तर ही ओढाताण झालीच नसती. तुमच्या गेममध्ये भूक आणि तहान एकाच वेगाने उतरत असतील, आणि दोन्हीवर उपाय एकाच झुडपात असेल, तर एक मीटर सरळ काढून टाका.

शिक्षा वाढवून प्रश्न सुटत नाही, याचा दाखलाही त्याच गेममध्ये आहे. लोकांनी हिशेब मांडला की उपाशी राहून दिवसभरात जेवढी तब्येत जाते, तेवढी झोपण्याआधी थोडं खाल्लं तर झोपेत भरून निघते. मग काय, दिवसभर पोट शून्यावर ठेवून हिंडायचं आणि अन्न वाचवायचं. उपासमारीच्या गेममध्ये उपाशी राहणंच फायद्याचं! यावर 'वेल फेड' आलं: सलग तीन दिवस पोट रिकामं होऊ दिलं नाही तर पाच किलो जास्त ओझं उचलता येतं. ज्याला शिकार करून मांस वाहून आणायचंय, त्याला हे पाच किलो सोडवत नाहीत. आमच्या पार्टनरसाहेबांनी हे वाचलं आणि म्हणाले, "आपला गेम वेगळा आहे." वेगळा होताच, अजून त्यांच्या हार्ड डिस्कवरच आहे.

तुमचं गणित जमलंय का हे ओळखायचं असेल तर बार लाल होतो त्या क्षणी खेळणाऱ्याचा हात कुठे जातो ते बघा. सामानाची पिशवी उघडून, खाऊन, जिथे होता तिथूनच पुढे निघाला तर ते टेन्शन नाही, घरकाम आहे. नकाशा उघडला, आभाळ बघितलं, थबकला, तर जमलं.

हे सगळं एकट्याने खेळायच्या, जीव जाणाऱ्या गेमला लागू. मित्रांनी मिळून घरं बांधायचा गेम असेल तर 'व्हॅलहाइम'सारखं करा. तिथे उपाशी मरत नाही कोणी, खाल्लं की तब्येत आणि दम वाढतो एवढंच, आणि तरी लोक लढाईआधी निमूटपणे रांधायला बसतात. आणि पार्टनर स्पीड डबल करायला सांगत असेल तर आधी त्याला दहा मिनिटं स्वतःचा गेम खेळायला लावा. आमच्याकडे तेवढं कधी झालं नाही.