८० वरून थेट ३२० वर उडी मारू नका

प्रश्न: लाकूड, जुना रंग आणि गंजलेलं लोखंड, तिन्हीला एकच पॉलिश पेपर चालतो का? किती नंबरचे घ्यायचे आणि कुठल्या क्रमाने?

एकच नाही चालत, आणि नंबरांच्या उड्या तर अजिबात चालत नाहीत. प्रश्न दिसला आणि लगेच लिहायला बसलो कारण नेमकं यावरूनच माझं आणि मोठ्या भावाचं दोन वर्षं वाजतंय.

आमच्या आजोबांचा एक बाक आहे. बसायच्या सात पट्ट्या सागवानी, पॉलिश कधीच उडून गेलेलं, पाठीला कोणीतरी जाड ऑइल पेंट फासलेला, आणि पाय लोखंडी, गंजलेले. म्हणजे तुमचे तिन्ही प्रकार एकाच वस्तूत. सुट्टीत दोघांनी तो करायला घेतला. दादाचं म्हणणं, ८० ने एकदा जोरात रगडायचं आणि मग ३२० ने गुळगुळीत करायचं, मधले नंबर म्हणजे वेळ घालवणं. मी १२० आणि १८० काढून ठेवले होते, ते त्याने बाजूला सारले. शेवटी चार पट्ट्या त्याने त्याच्या पद्धतीने केल्या, तीन मी माझ्या. हात फिरवला तर त्याच्याच जास्त गुळगुळीत लागत होत्या, मला तसं म्हणूनही दाखवलं त्याने. मग वॉलनट रंगाचा स्टेन लावला आणि पाच मिनिटांत त्याच्या चारही पट्ट्यांवर काळपट बारीक रेघा उठल्या, दोन ठिकाणी तर आडव्या. माझ्या तीन स्वच्छ. दादाने खापर स्टेनवर फोडलं. अरे पण डबा एकच होता ना!

होतं असं की ८० च्या पेपरवरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा असतो आणि ३२० चा ४६ च्या आसपास, म्हणजे चौथाई. ८० ने लाकडात जी खोल चरी पाडली तिच्या तळापर्यंत ३२० पोचतच नाही, तो फक्त दोन चरींमधले उंचवटे चकचकीत करतो. बोट त्या उंचवट्यांवरून फिरतं म्हणून हाताला मस्त लागतं, पण स्टेन जाऊन बसतो चरीत, आणि तिथे तो जास्त मुरतो म्हणून रेघ काळी दिसते. ३२० ने ती चरी काढता येणारच नाही असं नाही, पण तेवढं लाकूड त्या पेपरने उतरवायला दिवस जाईल. १२० हेच काम काही मिनिटांत करतो. म्हणजे मधल्या नंबरांनी वेळ जात नाही, वाचतो. हे मी त्या दिवसापासून सांगतोय.

कोऱ्या लाकडाला ८०, १२०, १८०, आणि हवा असेल तर २२०. पृष्ठभाग आधीच सपाट असेल तर ८० ला हातच लावू नका, १२० पासून सुरू करा. हाताने घासताना कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवी पडलेली रेघ सगळ्यात आधी डोळ्यात भरते. प्रत्येक नंबर सुरू करण्याआधी सगळ्या भागावर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारा, त्या सगळीकडून पुसल्या गेल्या की निदान कोपरा सुटला नाही एवढं कळतं. खरी परीक्षा टॉर्चची. टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड पाडा, आधीच्या नंबरची रेघ सावलीसकट दिसते. दिसली तर तिथे परत हातातलाच नंबर. आणि शेवटच्या पेपरआधी ओल्या फडक्याने लाकूड पुसा, लपलेल्या रेघाही दिसतात आणि तंतूही उभे राहतात, ते वाळल्यावर शेवटच्या नंबरने हलकेच कापायचे. स्टेन लावायचा असेल तर २२० च्या पुढे जाऊ नका, लाकूड फार गुळगुळीत झालं की रंग नीट पीत नाही. पट्टीची टोकं मात्र एक नंबर पुढे घासा, तिथे उभे तंतू उघडे असतात आणि रंग भसाभसा ओढतात.

पेपर कशाचा, तर लाकडाला ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्याचे कण घासताना तुटतात आणि नवीन धार निघत राहते. काळा वॉटर पेपर म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, तो जास्त टणक, जास्त धारदार पण ठिसूळ, तो पाण्यासोबत रंगावर आणि वार्निशवर वापरायचा. कोऱ्या लाकडावर पाणी घालून घासू नका.

लोखंडाला आधी तारेचा ब्रश, सुटा गंज पडेपर्यंत. मग ॲल्युमिनियम ऑक्साइडचाच पेपर, पण कापडाच्या पाठीचा, कारण कागदी पाठ पायाच्या कडांवर फाटते. ६० किंवा ८० ने सुरुवात, मग १२०, आणि तिथेच थांबा. प्रायमरला धरायला खरखरीतपणा लागतो, आरसा करायचा नाहीये. गंजाने जिथे खड्डे पाडलेत तिथे पेपर वरून सरकून जातो, वरचं लोखंड चमकतं आणि खड्ड्यात तपकिरी ठिपका राहतो, तो ब्रशच्या टोकानेच काढायचा. प्रायमर त्याच दिवशी मारा, उघडं लोखंड दमट हवेत रात्रीतून परत लाल पडतं.

आणि लोखंडाला वापरलेला पेपर लाकडाला लावू नका, कधीच नाही. दादाने पाय घासलेला तुकडा तसाच शेवटच्या पट्टीवर फिरवला होता. पेपरमधली लोखंडाची भुकटी लाकडात रुतली आणि पाण्याचं पॉलिश लावल्यावर दुसऱ्या दिवशी निळसर काळे ठिपके आले. सागवानात टॅनिन असतं, लोखंड आणि ओल मिळाली की ते काळं पडतं. ती पट्टी मी परत कोरी केली, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने डाग उतरवले, धुतली, वाळवली आणि १२० पासून परत सुरू केलं. तो तेव्हाही स्टेनलाच दोष देत होता.

रंगवलेल्या भागाचं सोपं आहे. रंग घट्ट असेल तर सगळा काढायची गरजच नाही, १८० किंवा २२० ने चकाकी घालवा आणि वरून रंगवा. पोपडे सुटलेत तिथे आधी खरवडून घ्या आणि मग रंगाची कड १०० ने उतरती करा, नंतर १५०, २२०. बोटाला पायरी लागली नाही म्हणजे झालं, लागली तर नव्या रंगाखालून ती दिसणारच. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये ३२० हलका. रंगावर पेपर चटकन भरतो, गरम होऊन रंगाचे गोळे चिकटतात आणि ते गोळेच मग ओरखडे काढतात, त्यामुळे वर पांढरट लेप असलेला, न भरणारा पेपर घ्या आणि जोर देऊ नका.

हे आधीच लिहायला हवं होतं: रंग खूप जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासूच नका, आधी तपासून घ्या. आणि सगळं सांगितलंय ते भरीव लाकडाचं. प्लायवरचं व्हिनिअर अर्धा मिलिमीटरही नसतं बऱ्याचदा, त्यावर ८० लावला तर खालचा थर वर येतो, तिथे १८० पासूनच आणि हलक्या हाताने. कागदाच्या पाठीवर नंबराआधी पी आहे का तेही बघा, २२० पर्यंत फारसा फरक नाही पण पुढे पडतो, पी ४०० आणि नुसता ४०० एक नाहीत, नुसता ४०० बराच बारीक असतो.

दादाच्या तीन पट्ट्यांवर रेघा अजून आहेत, त्या परत १२० ने काढायला तो तयार नाही.