बायमेटल पट्टी : जाडी बदलली की गणित का चुकतं?

«नमस्कार मंडळी. पितळ-इनवारची पट्टी तापवून टोक किती वाकतं ते मोजतोय. दोन्ही थर सारखे असताना सूत्राशी छान जुळतं, पण पितळ पातळ आणि इनवार जाड घेतलं की मोजमाप कमी येतं. क्लॅम्पमध्ये गडबड असेल का? की मटेरियलच खराब आहे?»

मटेरियल बदलायला धावू नका. मी नेमकं तेच केलं होतं आणि दोन महिने घालवले. आधीच सांगतो, मी प्राध्यापक नाही. भोसरीत रिले-थर्मोस्टॅटच्या कामात आयुष्य गेलंय, तेवढ्याच जोरावर बोलतोय.

माझी पट्टी अशी होती: एकूण जाडी १ मिमी, क्लॅम्पबाहेरची लांबी १०० मिमी, तापमान ३० वरून ९० अंश. पितळेचा प्रसरण गुणांक १९, इनवारचा १.२ (दोन्ही दशलक्षांश प्रति अंश). मॉड्युलस पितळेचा १०५, इनवारचा १४० गिगापास्कल. सूत्र तिमोशेंकोचं, १९२५ सालचं:

```
k = 6*da*dT*(1+m)^2 / (h*(3*(1+m)^2 + (1+m*n)*(m^2 + 1/(m*n))))
m = t1/t2,  n = E1/E2,  h = t1+t2
टोकाचं विचलन = k*L^2/2
```

पितळ १ नंबर, इनवार २ नंबर. सारख्या जाडीला उत्तर येतं साधारण ८ मिमी, आणि मोजलं तेही जवळपास तेवढंच. मी खूश. मग पितळ ०.३, इनवार ०.७ असा रोल हाती आला. माझ्या शीटने सांगितलं ७.१ मिमी, प्रत्यक्षात ६.२ च्या आसपास.

चूक शीटमध्ये होती. m घेताना पितळ वर ठेवलं होतं आणि n घेताना इनवार वर, म्हणजे n = ०.७५ ऐवजी १.३३. आता गंमत बघा, m = १ असेल तर `(1+n)*(1+1/n)` उरतं आणि n उलटा केला तरी त्यात काहीच बदलत नाही. ज्या पट्टीवर मी शीट तपासली, तिच्यावर ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. बरोबर n घातल्यावर ६.२ आलं.

पण हे कळेपर्यंत काय काय झालं म्हणता! आधी क्लॅम्प बदलला, मग ओव्हनवर संशय, मग एका तपासणी प्रयोगशाळेत (नाव घेत नाही) नमुने दिले. तीन आठवडे, पूर्ण फी, आणि रिपोर्टमध्ये दोन मॉड्युलस: «थर अ» आणि «थर ब». कुठला थर पितळ, ते लिहिलेलंच नाही. फोन केला तर म्हणे, फॉरमॅट असाच आहे, लेखी अर्ज द्या. अर्जाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. फी मात्र आगाऊ घेतात.

शेवटी आमच्या शॉपमधल्या निवृत्तीला आलेल्या एका काकांनी पाच मिनिटांत पकडलं. ते म्हणाले, «पातळ थर ताठ केला तर पट्टी जास्त वाकली पाहिजे की कमी?» जास्तच. पातळ पितळेला जाड इनवार ओढून वाकवायचंय, ते जितकं ताठ तितकं जास्त ओढेल. शीटमध्ये पितळेचा मॉड्युलस दुप्पट केला, तर वक्रता घटली! तिथेच पितळ उघडं पडलं. ही चाचणी तुम्ही आजच करा. १ आणि २ नंबर आपसात बदलून बघणं हा सगळ्यांचा आवडता सल्ला इथे निरुपयोगी आहे, कारण दोन्ही उलटे झाले की चुकीचं सूत्रही तेच उत्तर देतं.

तुमची चूक हीच असेल असं छातीठोकपणे म्हणत नाही. पण पितळ पातळ असताना मोजमाप कमी येतंय, म्हणजे लक्षण जुळतंय.

माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या: मॉड्युलसच्या अचूक आकड्यासाठी लोक उगाच जीव काढतात. सूत्रात फक्त गुणोत्तर येतं, आणि सारख्या जाडीला n = २ घेतला तरी वक्रता सुमारे ३ टक्क्यांनीच कमी होते. सगळ्यात जास्त वाकवायची असेल तर `E1*t1^2 = E2*t2^2` जुळवा, मग वक्रता नेमकी `1.5*da*dT/h` येते. तुमच्या जोडीला पितळ ०.५४, इनवार ०.४६. म्हणजे सारखी जाडी तशीही जवळपास उत्तमच आहे.

लांबीकडे मात्र लक्ष द्या, तिचा वर्ग होतो. १०० मध्ये २ मिमी चुकलं की उत्तरात ४ टक्के. क्लॅम्पच्या कडेपासून मोजा, पट्टीच्या टोकापासून नव्हे. आणि डायल गेज लावत असाल तर काढा, त्याची स्प्रिंगच एवढ्या पातळ पट्टीला मागे ढकलते. मी शेवटी टोकामागे ग्राफ पेपर लावून लांबून भिंगातून वाचलं.